दोन्ही ओव्हरी काढल्या आणि तिसऱ्या रात्रीपासून अंगातून वाफा. वय ४१. पुढं काय?

सुमन_औसा

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. पाळीत रक्तस्राव एवढा व्हायचा की हिमोग्लोबिन ७ वर आलं. सोनोग्राफीत पिशवी फुगलेली आणि दोन्ही ओव्हरीत चॉकलेट सिस्ट. दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं करून झाली. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन केलं. पिशवीसोबत दोन्ही ओव्हरी काढाव्या लागल्या, सगळं चिकटलेलं होतं म्हणे. त्याबद्दल तक्रार नाही, पोटदुखी खरंच गेली.

पण तिसऱ्या रात्री दवाखान्यातच, पंखा फुल असताना, छातीतून एकदम भट्टी पेटल्यासारखं झालं. मान, चेहरा लाल, गाऊन भिजला आणि पाच मिनिटांत थंडी वाजायला लागली. नर्सनं ताप बघितला, ९८.४. तेव्हापासून हे दिवसा-रात्री चालूच आहे. वर्गात फळ्यावर लिहिताना घाम फुटतो, पोरं बघत राहतात. रात्री सलग दोन तास झोप नाही. छातीत धडधड होते. बोटांचे सांधे सकाळी आखडतात, भाकरी थापताना जाणवतं. आणि उगाचच रडू येतं, हे तर मला पटतच नाही, मी अशी नव्हते.

डिस्चार्जला कॅल्शियमची गोळी दिली आणि "थोडे दिवस गरमी वाटेल" एवढं सांगितलं. गावातल्या डॉक्टरांनी थायरॉईड केलं, नॉर्मल. ईसीजी नॉर्मल. मग झोपेची गोळी दिली. तिनं झोप लागते, पण घामानं जाग येतेच आणि सकाळी डोकं जड.

प्रश्न साधा आहे. हे आपोआप बसतं का, का औषध घ्यावं लागतं? हार्मोनचं नाव काढलं की घरात सगळे कॅन्सर म्हणायलेत. मला अर्धशिशी पण आहे, ते सांगून ठेवते.

---

आक्का_जालना

सुमनबाई, घाबरू नका. पाळी जाताना सगळ्या बायकांना हे होतं. मला ४९ ला सुरू झालं, पन्नाशी उलटल्यावर आपोआप कमी झालं. मी एक गोळी घेतली नाही. रात्री भिजवलेला सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, चहा बंद आणि तिखट कमी. मन कामात गुंतवायचं. आमच्या सासूबाईंना तर पाळी कधी गेली ते कळलंबी नाही, रानात होत्या.

---

परभणीकर

मेडिकलचं दुकान आहे म्हणून लिहितो. हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर होतो आणि पायात रक्ताच्या गाठी होतात, हे सिद्ध झालेलं आहे, अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता. त्यामुळं शक्यतो लांब राहा. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि सोयाच्या कॅप्सूल घेतात बायका, आमच्याकडून बऱ्यापैकी जातात. बाकी तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं.

---

दोरा_टाका

मी नांदेडला तीसेक वर्षं स्त्रीरोग बघितले, आता निवृत्त आहे. इथं कुणाला चिठ्ठी लिहून देणार नाही. पण तीन-चार गोष्टी गुंतायल्यात त्या सोडवते.

आक्का, तुमचं आणि सुमनचं एक नाही. तुमच्या ओव्हरी चार-पाच वर्षं हळूहळू मंदावत गेल्या आणि शरीर त्या उताराशी जुळवून घेत गेलं. सुमनच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी इस्ट्रोजन चाळिशीच्या बाईला असतं तेवढं होतं, आणि दोन दिवसांत ते तळाला गेलं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. तिला हा धक्का बसतो आणि ती अर्ध्या अंशाच्या फरकालासुद्धा "फार तापलं" समजून घाम सोडते. म्हणून तिसऱ्या रात्री सुरू झालं, आणि म्हणूनच एवढं जोरात. पाळी गेल्यावरसुद्धा म्हाताऱ्या ओव्हरी थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत असतात. इथं तेही गेलं. थकवा आणि इच्छा कमी होण्यात त्याचा वाटा असतो.

सांधे, रडू, धडधड, झोपमोड ही चार वेगवेगळी दुखणी नाहीत. थायरॉईड आणि ईसीजी करून घेतलं हे बरोबर केलं, कारण धडधडीला दुसरं कारण असू शकतं. ते नाही म्हटल्यावर आता मूळ कारणाकडं वळायला हवं. झोपेची गोळी घामाला काहीच करत नाही, आणि महिनोन्महिने घेतली तर सोडायला त्रास देते.

"आपोआप बसतं का" याचं उत्तर: वाफा काही वर्षांनी बहुतेकींच्या कमी होतात. पण ४१ व्या वर्षी प्रश्न वाफांचा कमी आणि हाडांचा, हृदयाचा जास्त असतो. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ ला जाते. तिच्या शरीराला त्या वयापर्यंत आणि त्याहून पुढं जे मिळायला हवं होतं ते आज बंद झालंय. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही ओव्हरी निघाल्या आणि इस्ट्रोजन दिलं नाही, तर पुढं हृदयविकार, हाडं ठिसूळ होणं आणि विसरभोळेपणाचा आजार यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणून अशा वेळी इस्ट्रोजन द्यायचं ते नुसतं वाफांसाठी नाही, गेलेलं परत भरायचं म्हणून. काही अडचण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत.

परभणीकर, तुम्ही अर्धं बरोबर आहात. २००२ ला जो अभ्यास गाजला त्यातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या, आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढला तो इस्ट्रोजनसोबत प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन घेणाऱ्यांमध्ये. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या, फक्त इस्ट्रोजन घेणाऱ्या बायकांचा वेगळा गट होता, त्याचे निकाल २००४ ला आले. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. लकवा थोडा वाढला, ते खरं. पण ४१ च्या बाईला ६३ च्या बाईचा धोका चिकटवता येत नाही. गाठींचं म्हणाल तर तोंडानं घ्यायच्या गोळीनं धोका वाढतो, कातडीवाटे जाणाऱ्या जेलनं किंवा पॅचनं वाढल्याचं दिसत नाही. सुमनला अर्धशिशी आहे, म्हणून तिच्या बाबतीत मी गोळीपेक्षा जेलचाच विचार केला असता.

सुमन, दोन गोष्टी सांग. ऑपरेशनच्या कार्डावर नेमकं काय लिहिलंय, आणि काढलेला भाग तपासल्याचा, म्हणजे हिस्टोपॅथचा, रिपोर्ट आला का?

---

सुमन_औसा

ताई, कार्डावर टीएएच विथ बीएसओ लिहिलंय. हिस्टोपॅथमध्ये पिशवीत अ‍ॅडिनोमायोसिस, दोन्ही ओव्हरीत एंडोमेट्रिओसिस, कॅन्सर नाही असं आहे. ऑपरेशनच्या टिपणात "आतड्याला चिकटलेला भाग पूर्ण काढता आला नाही" अशी एक ओळ आहे. ती मला कुणी समजावली नव्हती.

---

दोरा_टाका

ती ओळ महत्त्वाची आहे. नवीन डॉक्टरकडं जाशील तेव्हा ती आधी दाखव.

टीएएच म्हणजे पोट उघडून पिशवी काढली, बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि ओव्हरी निघाल्या. पिशवी नसली की इस्ट्रोजन एकटं देतात. प्रोजेस्टेरॉन लागतं ते पिशवीचं अस्तर जाड होऊन बिघडू नये म्हणून, आणि पिशवीच नाही म्हटल्यावर अस्तर कुठलं. पण एंडोमेट्रिओसिस म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखंच अस्तर पिशवीबाहेर वाढणं. तुझ्यासारखा तो पोटात थोडा उरलेला असेल, तर एकट्या इस्ट्रोजननं तो परत जागा होऊ शकतो. म्हणून काही डॉक्टर अशा बायकांना प्रोजेस्टेरॉन सोबत देतात किंवा टिबोलोन नावाची गोळी वापरतात. काही म्हणतात उरलेलं फार थोडं असतं, एकटं इस्ट्रोजन चालेल. यावर आमच्यात एकमत नाही. मी स्वतः उरलेलं आहे असं लिहिलेलं असेल तर सोबत देत होते.

---

मी_मंजू

ताई, माझी पिशवी काढली आहे ४३ ला, धाराशिवला. ओव्हरी ठेवल्या आहेत असं सांगितलं. पाळी नाही, पण वाफाबी नाहीत. मलाबी हे जेल घ्यावं लागंल का?

---

दोरा_टाका

मंजू, नाही. ओव्हरी आहेत तर त्या काम करतायत. पाळी नाही ती पिशवी नाही म्हणून. मात्र पिशवी काढल्यावर ओव्हरी कधी कधी एक-दोन वर्षं लवकर थकतात, रक्तपुरवठ्यात फरक पडतो म्हणून. तुला पाळीवरून ते कळणार नाही. म्हणून वाफा, झोपमोड, कोरडेपणा सुरू झाला की तपासून घे. आत्ता काही करायचं नाही.

---

गेवराईची_लेक

हा धागा वाचून अंगावर काटा आला. माझी आई ऊसतोडीला जायची. ३४ व्या वर्षी पिशवी काढली, आता ४७. गावातल्या बायका एका पाठोपाठ एक काढायच्या, पांढरं जातंय म्हणून गेल्या की डॉक्टर म्हणायचे पुढं कॅन्सर होईल. मुकादमाची उचल फेडायची, पाळीत खाडा पडला की पैसे कापायचे. २०१९ ला या ऑपरेशनांची चौकशी करायला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती आली तेव्हा आमच्या गावातबी येऊन गेले होते.

आईला विचारलं तर म्हणते, "पिशवी काढली, अजून काय माहीत." कागद एकबी नाही. ती ऑपरेशननंतर लगेच घामानं भिजायची. मी तेव्हा शाळेत होते, मला आठवतंय ती रात्री उठून अंगणात बसायची. मागच्या वर्षी बांधावर पाय घसरून नुसती हातावर पडली आणि मनगट मोडलं. तिच्या ओव्हरी आहेत की नाहीत हे आता कसं कळायचं? रक्त तपासून कळंल का?

---

परभणीकर

एफएसएच, म्हणजे ओव्हरीला चालना देणारं हार्मोन, रक्तात तपासा. जास्त आलं की ओव्हरी नाहीत. सोपं आहे.

---

दोरा_टाका

परभणीकर, तिशीतल्या बाईला हे लागू पडलं असतं. ४७ ला ओव्हरी असल्या तरी एफएसएच जास्त येऊ शकतं. ती साधी पाळी गेल्याचीच खूण असेल. नॉर्मल आलं तर मात्र निदान एक ओव्हरी चालू आहे असं म्हणता येईल. सोनोग्राफीत ओव्हरी दिसली तर आहे. न दिसली तर नाही असं छातीठोक सांगता येत नाही, कारण या वयात ती आकसून आतड्याच्या मागं लपते.

लेकी, तुझ्या आठवणीतच बरंच उत्तर आहे. ऑपरेशननंतर लगेच घाम सुरू झाला म्हणतेस, म्हणजे बहुतेक दोन्ही काढल्या. दोन-तीन वर्षांनी सुरू झाला असता तर ओव्हरी ठेवल्या आणि नंतर थकल्या असं म्हटलं असतं. खात्री करायची तर ज्या लॅबकडं गाठी-पिशव्या तपासायला जायच्या, तिथं विचारून बघ. दवाखाने कागद टाकून देतात, लॅबच्या वहीत कधी कधी नाव सापडतं.

पण ओव्हरी होत्या का नव्हत्या यापेक्षा आज तिच्या मनगटाचं जास्त महत्त्व आहे. उभ्या उंचीवरून पडून ४७ व्या वर्षी हाड मोडणं, हे नुसतं पडणं नाही. तेरा वर्षं इस्ट्रोजन नाही आणि डोक्यावर मोळ्या. तिचं हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन करून घे, कंबर आणि मांडीच्या खुब्याचं. हाडं पातळ निघाली तर त्याची औषधं आहेत. आठवड्यातून एक गोळी, ती उपाशीपोटी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. आता तेरा वर्षांनी नव्यानं इस्ट्रोजन सुरू करायचं का, हा प्रश्न मी डॉक्टरवर सोपवीन. ऑपरेशननंतर लगेच दिलं असतं तर जो फायदा झाला असता, तो एवढ्या उशिरा तसाच मिळत नाही.

---

रानफूल_हिंगोली

मी स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेतलेली. हार्मोन पॉझिटिव्ह होता म्हणून ओव्हरी मुद्दाम काढल्या. मला ही जेल-गोळी बंद दारच आहे, तेव्हा माझ्यासारख्यांसाठी लिहिते. वय ३९.

वाफांसाठी मला व्हेनलाफॅक्सिन दिलंय, ३७.५ पासून सुरू करून ७५ वर. ही खरं तर नैराश्याची गोळी आहे, पण वाफांवर चालते. पहिला आठवडा मळमळ. निम्म्याहून अधिक कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. त्याआधी गॅबापेंटिन ३०० रात्री दिलं होतं. झोप छान लागायची, पण सकाळी चक्कर यायची म्हणून सोडलं. आमच्या ग्रुपमधली एक वाफांसाठी पॅरोक्सेटिन घ्यायची, तिला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू होतं. डॉक्टरांनी लगेच बदललं, कारण पॅरोक्सेटिन टॅमॉक्सिफेनचं काम अडवते. हे कुठल्याही फॅमिली डॉक्टरला माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगतेय.

आणि ते सोयाच्या कॅप्सूल, शतावरी. मला आमच्या ऑन्कोलॉजिस्टनं दोन्ही बंद सांगितलंय.

---

शेवंता

शतावरीनं मला फरक पडला. पण मी साधी पाळी जाणारी, ४८ ची. रानफूलताई, तुमच्या बाबतीत मी बोलणार नाही.

---

परभणीकर

दोरा_टाका ताई, २००४ चं मला माहीत नव्हतं. पण एक व्यवहाराचं सांगतो. इस्ट्राडिओलचं जेल आमच्या भागातल्या दुकानात सहसा ठेवत नाहीत, मागणीच नाही. डिस्ट्रिब्युटरकडून मागवावं लागतं, दोन-चार दिवस जातात. त्यामुळं ट्यूब संपायच्या आठवडाभर आधी सांगायचं. एका गिऱ्हाइकानं मागच्या मे महिन्यात ट्यूब मोटारसायकलच्या डिकीत ठेवली होती, पार पातळ झाली. घरात थंड जागी ठेवा.

---

सुमन_औसा

लातूरला एका मॅडमकडं जाऊन आले. काय झालं ते सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

आधी प्रश्न विचारले. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? नाही. कधी पायात गाठ, लकवा, लिव्हरचं काही? नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं का? होय, चमकतं. त्यावर त्या म्हणाल्या, मग गोळी नको, जेलच. बीपी १२६/८२. मॅमोग्राफी आणि चरबीची तपासणी करून घेतली, दोन्ही ठीक. एफएसएच लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही ओव्हरी काढल्याचं कार्डावर आहे, मग काय सिद्ध करायचं?

ती चिकटलेल्या भागाची ओळ त्यांना दाखवली. वाचून त्यांनी रात्रीचं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० सोबत लिहिलं. त्यानं झोपेला थोडी मदत होते म्हणून झोपताना घ्यायचं. जेल सुरुवातीला कमी मापानं, दिवसाला ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल जाईल एवढं. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडावर किंवा मांडीवर पसरून लावायचं, छातीवर नाही. वाळेपर्यंत कपडा घालायचा नाही आणि लेकराला त्या जागी बिलगू द्यायचं नाही. मी सकाळी लावायचे आणि शाळेच्या घाईत पाच मिनिटांत ब्लाऊज चढवायचे, सगळं कपड्याला लागायचं. आता रात्री लावते.

पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाच्या वाफा कमी झाल्या, रात्रीच्या तशाच. परत गेले तेव्हा माप दुप्पट केलं, म्हणजे दिवसाला दीड मिलिग्रॅम. त्या म्हणाल्या, तुमच्या वयात, एकदम ओव्हरी गेलेल्यांना साठीतल्या बाईचा डोस पुरत नाही. यानंही फरक पडला नाही तर रक्तात इस्ट्राडिओल तपासू, कारण काहींच्या कातडीतून नीट शोषलंच जात नाही. तशी वेळ आली नाही. आता रात्री एखादी वाफ येते, चादर बदलावी लागत नाही. सांधे बरे आहेत. झोपेची गोळी हळूहळू कमी करून बंद केली.

एक गोष्ट राहिली, ती इथं लिहू का नको असं झालंय. जवळ येणं दुखतं. लघवीला जळजळही दोनदा झाली. लघवीची तपासणी केली तर जंतू नव्हते.

---

दोरा_टाका

लिहिलंस हे बरं केलंस, कारण दवाखान्यात बायका दाराच्या बाहेर जाता जाता हे सांगतात, आणि पुष्कळ जणी सांगतच नाहीत.

वाफांवर जेल चाललं तरी योनीच्या कोरडेपणाला ते नेहमी पुरत नाही. तिथली त्वचा इस्ट्रोजनवर जगते, ते नसलं की पातळ होते, लवकर ओरबाडते. लघवीच्या मार्गाचंही तेच, म्हणून जंतू नसताना जळजळ. त्यासाठी तिथंच लावायचं इस्ट्रिऑलचं क्रीम असतं. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि ते चालूच ठेवावं लागतं. बंद केलं की परत कोरडं. रक्तात त्याचं फारच थोडं जातं. पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पहिल्या महिन्यात सोडू नकोस. तोवर पाण्यावर आधारित जेली वापर. खोबरेल तेल कंडोम फाडतं, तुम्हाला त्याचा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

आणि एक, जेल स्वतःहून एकदम बंद करू नकोस. ट्यूब मिळाली नाही म्हणून चार दिवस गेले की वाफा परत उसळतात आणि बायका म्हणतात "औषधाची सवय लागली". सवय नाही ती, परत एकदा तोच खड्डा. कधी थांबवायचं ठरलं तर काही महिन्यांत माप कमी करत आणायचं. पोटात पूर्वीसारखं दुखायला लागलं तर मात्र लगेच मॅडमना सांग, उरलेला एंडोमेट्रिओसिस असू शकतो. एका पायाची पोटरी सुजली, दुखली तरी वाट न बघता लगेच डॉक्टरकडं जायचं, जेलवर असलीस तरी, रक्ताची गाठ असू शकते.

---

शिरीष_अंबाजोगाई

बायकोचं असंच ऑपरेशन होणार आहे पुढच्या महिन्यात. ३८ वर्षं. एकाच ओव्हरीत गाठ आहे, डॉक्टर म्हणायलेत "दोन्ही काढून टाकू, पुढं कटकट नको". आता हे वाचून मला प्रश्न पडला.

---

दोरा_टाका

शिरीष, गाठ कसली आहे त्यावर आहे. सोनोग्राफीत कॅन्सरची शंका असेल, रक्ताच्या तपासणीत सीए-१२५ बरंच वाढलेलं असेल, किंवा घरात स्तन-ओव्हरीचा कॅन्सर असून जनुकांची तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर दोन्ही काढायला कारण आहे. साधी गाठ असेल आणि दुसरी ओव्हरी चांगली दिसत असेल, तर "कटकट नको" हे ३८ व्या वर्षी मला पुरेसं कारण वाटत नाही. सीए-१२५ चॉकलेट सिस्टमध्येही वाढतं, तेवढ्यावरून घाबरू नका. संमतीपत्रावर सही करायच्या आधी त्यावर "दोन्ही ओव्हरी" असं लिहिलंय का ते वाचा आणि का, ते विचारा. पोट उघडल्यावर काही निराळं दिसलं तर काय करायचं, हेही आधीच बोलून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवायला हरकत नाही.

---

आक्का_जालना

मला वाटलं होतं सगळ्यांची पाळी एकच. सुमनबाई, सब्जा मात्र प्या, त्यानं काही बिघडत नाही.

---

सुमन_औसा

पिते आक्का, उन्हाळ्यात तर पिणारच. 😄

---

गेवराईची_लेक

ताई, लॅबकडं गेले होते. ती लॅब बंद झालीय, मालक पुण्याला गेले. कागदाचा विषय संपला.

आईचं डेक्सा करायचंय. आमच्या तालुक्यात एका शिबिरात हाडांची मशीन आली होती, टाच ठेवायची एका डब्यात आणि पाच मिनिटांत चिठ्ठी. तिथं "हाडे कमकुवत" लिहून दिलं आणि दोन हजारांची पावडर घ्यायला लावली. ते चालंल का?

---

दोरा_टाका

टाचेचं ते डेक्सा नाही. त्यावरून गोळी ठरवत नाहीत आणि पावडर तर नाहीच. संभाजीनगरला किंवा लातूरला मोठ्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये फोन करून विचार, "कंबर आणि खुब्याचं डेक्सा होतं का?" एवढंच. डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची रक्ततपासणीही त्याच दिवशी करून घे. डी फार कमी असेल तर आधी ते भरावं लागतं, मगच हाडाचं औषध. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात, दोन्ही इथं टाक.

---

गेवराईची_लेक

सोमवारी फोन करते. आई म्हणते दसऱ्याला टोळी निघायच्या आत कर, नंतर ती कर्नाटकात असंल. मी म्हणलं या वर्षी जायचं नाही. त्यावर भांडण चालू आहे.